आठवड्याचं इंजेक्शन: वार कसा पाळायचा आणि चुकला तर तास कसे मोजायचे

डायबेटीसचं आठवड्यातून एकदा घ्यायचं पेन हातात आलं तेव्हा मला वाटलं होतं की रोजच्या गोळ्यांपेक्षा हे सोपं. टोचणं खरंच सोपं निघालं, लक्षात ठेवणं अवघड. रोजची गोळी चहासोबत आपोआप घेतली जाते, पण सात दिवसांनी येणाऱ्या गोष्टीची शरीराला सवय लागत नाही. आमच्या घरात अशी दोन पेनं आहेत, माझं सेमाग्लुटाइडचं आणि वहिनीचं तिर्झेपाटाइडचं. गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दोघांचाही डोस एकाच दिवशी चुकला. घरी परतलो तेव्हा त्याच क्षणी मला इंजेक्शन घेणं बरोबर होतं आणि तिला घेणं चूक. असं का, ते कळायला आम्हाला दोन्ही पेनांची पत्रकं चष्मा लावून वाचावी लागली.

हे सगळं टाइप २ डायबेटीसच्या सेमाग्लुटाइड, तिर्झेपाटाइड आणि ड्युलाग्लुटाइड या औषधांबद्दल आहे. आठवड्यातून एकदा घ्यायचं इन्शुलिनही असतं. त्याचे नियम पूर्ण वेगळे आहेत, त्याला यातलं काही लावू नका.

जवळ काय हवं

- डॉक्टरांची चिठ्ठी आणि फार्मसीचं बिल. बिलावर बॅच नंबर आहे ना ते बघा.
- पेन आणि त्याच्या खोक्यातलं घडी केलेलं पत्रक. पत्रक फेकू नका, या लेखापेक्षा त्याचा शब्द मोठा.
- पेनच्या सुया. मी ४ मिलिमीटरच्या वापरतो. काही पेनांसोबत सुया येतात, काहींच्या वेगळ्या घ्याव्या लागतात. वहिनीने पहिल्यांदा पेन आणलं आणि सुया विसरली, त्यामुळे पहिला डोस दुसऱ्या दिवसावर गेला.
- वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लॅस्टिकची झाकणाची बाटली.
- भिंतीवरचं कॅलेंडर आणि पेन्सिल.

१. वार ठरवताना जेवणाचा विचार करा

औषध कोणत्याही वारी चालतं, जेवणाआधी की नंतर यानेही फरक पडत नाही. पण सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस वाढवल्यावर इंजेक्शननंतरचे एक-दोन दिवस बऱ्याच जणांना मळमळतं आणि पोट भरल्यासारखं वाटतं. मी आधी शनिवार घेतला होता. रविवारी ताटात सुंगटांचं हूमण आणि तळलेले बांगडे, आणि मी दोन घासांत हात धुवायला उठलेलो. तीन रविवार असे गेल्यावर डॉक्टरांना विचारून शुक्रवार घेतला. आता त्रास झालाच तर शनिवारी होतो, रविवारपर्यंत पोट ताळ्यावर येतं.

शुक्रवारच घ्यायचं दुसरं कारण म्हापशाचा बाजार. दर शुक्रवारी मी बाजाराला जातोच. पिशव्या रिकाम्या केल्या, आंघोळ झाली की रात्री आठ वाजता पेन. एखाद्या न चुकणाऱ्या कामाला डोस बांधून ठेवला की बरं पडतं. मात्र ते काम ज्या आठवड्यात हुकतं त्याच आठवड्यात डोसही हुकतो. आमचं पुढे तसंच झालं.

वाराबरोबर तासही ठरवा. डोस एक-दोन तास इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. पण उशीर झाल्यावर मोजायला सुरुवातीचा तास लागतो. तो माहीत नसेल तर मोजणार कुठून?

२. पेन ठेवायचं कुठे

न वापरलेलं पेन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंश सेल्सिअसला. बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. औषध एकदा गोठलं की वितळून दिसायला स्वच्छ झालं तरी वापरायचं नाही. पेन बर्फाला चिकटलेलं सापडलं तर ते गेलं, असंच समजा.

सुरू केलेलं पेन ३० अंशांखाली बाहेर ठेवता येतं, पण किती दिवस ते प्रत्येक पेनच्या पत्रकात वेगळं असतं. गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत घरातही पारा ३० च्या वर असतो, म्हणून मी चालू पेनसुद्धा फ्रिजमध्येच ठेवतो. पावसाळ्यात वीज तास-दोन तास गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही, एवढं पुरतं. स्कूटरच्या डिकीत पेन कधीच नको, उन्हात ती भट्टीसारखी तापते.

प्रवासासाठी पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी मिळते. ती पाण्याची वाफ होऊन गार राहते. आमच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, पाणी सुकतच नाही आणि पिशवी हवी तशी गार होत नाही. मी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये जेलचा गोठवलेला पॅक टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवतो आणि पेन त्याला थेट न टेकवता वर ठेवतो.

३. टोचणं

माझं पेन अनेक डोसांचं आहे, डायल फिरवून डोस लावायचा. कृती अशी:

हात धुवा. पेनवरचं नाव आणि डोस वाचा. घरात दोन पेनं असतील तर हे वाचणं टाळू नका. औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. गढूळ किंवा रंगीत असेल तर परत फार्मसीत.

दर वेळी नवी सुई लावा. वरची दोन्ही टोपणं काढा. आतलं छोटं टोपण काढायचं राहून गेलं तर औषध बाहेर येत नाही आणि माणूस गोंधळतो.

मग औषध सुईतून येतं का ते तपासा. माझ्या पेनला ही तपासणी नवीन पेनच्या पहिल्या वापराआधीच करायची आहे. वहिनीच्या पेनला प्रत्येक डोसआधी. आपल्या पत्रकात काय लिहिलंय ते बघून ठेवा.

डोस लावा. जागा पोटाची, बेंबीपासून दोन बोटं लांब, नाहीतर मांडीचा पुढचा भाग. दंडावर दुसऱ्याकडून टोचून घेता येतं. दर आठवड्याला जागा बदला. मी एका शुक्रवारी पोटाची डावी बाजू घेतो आणि पुढच्या शुक्रवारी उजवी. सुई सरळ आत घाला, बटण पूर्ण दाबा आणि आकडा शून्यावर आल्यावरही दाबूनच ठेवा. माझ्या पत्रकात सहापर्यंत सावकाश मोजायला सांगितलंय. ‘एक, दोन, तीन’ असं धावत मोजलंत तर औषधाची धार बाहेर येते.

सुई काढल्यावर कातडीवर एखादा थेंब दिसला तर घाबरू नका, पुन्हा टोचू नका. धार आली, किंवा सुई लवकर निघाली असं वाटलं, तरीही दुसरा डोस घ्यायचा नाही. किती आत गेलं ते कळायला मार्ग नसतो. पुढचा डोस ठरलेल्या वारी.

सुई लगेच काढून बाटलीत. पेनवर सुई ठेवून दिली तर औषध गळतं आणि आत हवा शिरते. भरलेली बाटली झाकण घट्ट लावून, वर ‘सुया’ असं लिहून, कचरा नेणाऱ्याच्या हातात वेगळी द्या. कोरड्या कचऱ्याच्या पिशवीत मोकळी सुई गेली तर ती त्याच्याच हाताला टोचणार.

४. डोस घेतला की नाही, हे आठवत नसेल तर

उशिरापेक्षाही जास्त वेळा होणारा घोळ हा. पेन हातात घेऊन डायलकडे बघून उत्तर मिळत नाही. काही पेनांत शेवटच्या डोसनंतरही थोडं औषध उरतं, म्हणून आत औषध दिसतंय यावरूनही काही कळत नाही.

माझा उपाय सुयांचा. नवीन पेन काढलं की एका छोट्या डबीत मोजून चारच सुया ठेवतो आणि प्रत्येकीच्या कागदी झाकणावर पुढच्या चार शुक्रवारांच्या तारखा लिहितो. डबी पेनशेजारी असते. त्या तारखेची सुई डबीत नसेल तर डोस झाला. कॅलेंडरवर खूण करायला विसरतो, पण सुईशिवाय टोचता येत नाही, त्यामुळे डबी खोटं बोलत नाही.

तरीही शंका उरली तर डोस घेऊ नका. एक डोस राहिला तर साखर थोडी चढेल. एकाच दिवशी दोन डोस गेले तर उलट्या सुरू होऊ शकतात, आणि जोडीला ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन असेल तर साखर खाली जाण्याचा धोका असतो.

५. उशीर झाला: वार नको, तास मोजा

ही औषधं शरीरातून सावकाश जातात. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो, तिर्झेपाटाइड आणि ड्युलाग्लुटाइड निम्मं व्हायला साधारण पाच दिवस. म्हणजे दोन दिवस उशीर झाला तरी शरीर रिकामं झालेलं नसतं. पण याच कारणाने उशिरा घेतलेला डोस जुन्या शिल्लक औषधावर चढतो, आणि दोन-तीन दिवसांत त्यावर पुढच्या वारचा डोस येतो. म्हणून उशिराला मर्यादा आहे, आणि ती औषधागणिक वेगळी आहे:

- सेमाग्लुटाइड: ठरलेल्या वेळेपासून ५ दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्या. ५ दिवस उलटले तर तो डोस सोडा.
- तिर्झेपाटाइड: ४ दिवसांच्या, म्हणजे ९६ तासांच्या आत घ्या. त्यानंतर सोडा.
- ड्युलाग्लुटाइड: पुढच्या ठरलेल्या डोसला किमान ३ दिवस, म्हणजे ७२ तास शिल्लक असतील तर घ्या. त्याहून कमी असतील तर सोडा.

तिसऱ्या नियमात फसायला होतं. तिथे मोजणी उलटी आहे. ते ‘३ दिवस’ उशिराचे नाहीत, उरलेले आहेत. सातातून तीन वजा केले की मर्यादा तिर्झेपाटाइडसारखीच चार दिवसांची निघते. एका ओळखीच्या बाईंनी ‘तीन दिवसांच्या वर उशीर झाला, आता नको’ असं समजून साडेतीन दिवसांवर आलेला डोस सोडून दिला. घेता आला असता.

तिन्ही औषधांना एक गोष्ट सारखी: सुटलेला डोस भरून काढायला पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही.

६. आमची चवथ

त्या वर्षी गणपती बसले शुक्रवारी. गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीचं सामान घ्यायला आम्ही म्हापशाला गुरुवारीच जाऊन आलो आणि शुक्रवारी पहाटे सगळं कुटुंब वाळपईच्या पलीकडच्या मूळ घरी. बाजार आदल्या दिवशी झाला, त्यामुळे शुक्रवारी रात्री आठला मला काही आठवलंच नाही. पूजा, आरती, पाहुणे, नेवऱ्या. पेनं म्हापशाच्या फ्रिजमध्ये. रविवारी सकाळी आरतीला वाजवायची घुमटं तापवत बसलो असताना वहिनी एकदम म्हणाली, “भावजी, आपलं शुक्रवारचं?”

पाच दिवसांचा गणपती. मंगळवारी विसर्जन, बुधवारी दुपारी एक वाजता आम्ही घरी. आता मोजणी.

शुक्रवार रात्री आठ ते मंगळवार रात्री आठ म्हणजे चार दिवस, ९६ तास. तिथून बुधवार दुपारी एकपर्यंत आणखी १७. एकूण ११३ तास.

माझी मर्यादा ५ दिवसांची, म्हणजे १२० तास. सात तास शिल्लक. मी घेऊ शकत होतो. वहिनीची मर्यादा ९६ तासांची, ती मंगळवारी रात्री आठलाच संपली. तिने तो डोस सोडायचा आणि थेट परवा शुक्रवारी नेहमीचा घ्यायचा. तिला ते पटेना. “तुमचा चालतो तर माझा का नाही?” पत्रक तिच्याच हातात दिलं.

मी जेवायच्या आधीच, दुपारी एकला घेतला. नेहमीच्या सवयीने रात्री आठला घ्यावा असं मनात आलं होतं, पण तोवर १२० तास पुरे झाले असते. आणखी एक हिशोब होता. पुढचा डोस शुक्रवारी रात्री आठला. बुधवार दुपारी एक ते शुक्रवार रात्री आठ म्हणजे ५५ तास. रात्री घेतला असता तर जेमतेम ४८.

डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी दोन पर्याय सांगितले: शुक्रवार कायम ठेवा, किंवा यापुढे बुधवारच तुमचा वार करा म्हणजे दोन डोसांत पुरते सात दिवस राहतील. बाजाराचा वार सोडवेना म्हणून मी शुक्रवार ठेवला. नियमात बसतं ते सोसायला सोपं असतंच असं नाही, हे शनिवारी कळलं. दिवसभर मळमळ, संध्याकाळी एक उलटी, पेज आणि लोणचं सोडून काही जाईना. पुढच्या वेळी मर्यादेच्या इतक्या काठावर आलो तर मी वार बदलेन.

वहिनीला काही त्रास झाला नाही. तिची सकाळची उपाशीपोटीची साखर एरवी १३० च्या आसपास असते, ती त्या गुरुवारी १४८ होती. यात नेवऱ्यांचा वाटा किती ते देव जाणे. पुढच्या आठवड्यात ती परत जागेवर आली. तिच्या डोक्यात वेगळीच काळजी होती: एक आठवडा गेला, आता चार डोसांचं पेन वाया तर नाही ना जाणार? तिचं पेन पहिल्या वापरानंतर ३० दिवसांत टाकायचं असतं. चार डोस एरवी पहिल्या, आठव्या, पंधराव्या आणि बाविसाव्या दिवशी येतात. एक आठवडा हुकला तर शेवटचा एकोणतिसाव्या दिवशी, म्हणजे अजून मुदतीत. दोन आठवडे हुकले असते तर चौथा डोस फेकावा लागला असता.

७. वार कायमचा बदलायचा असेल तर

लग्न, नोकरीची पाळी, उपास, कारण काहीही असो, वार बदलता येतो. दोन डोसांमध्ये किती अंतर हवं ते पत्रकात असतं. तिर्झेपाटाइड आणि ड्युलाग्लुटाइडला किमान ३ दिवस. सेमाग्लुटाइडच्या पत्रकांत कुठे २ दिवस आहेत, कुठे ३. मी तीन धरतो. शुक्रवारचा सोमवार करायचा तर शुक्रवारी रात्री आठला घ्या आणि सोमवारी रात्री आठनंतर पुढचा. मग दर सोमवारी.

८. इथे स्वतः ठरवू नका

एका आठवड्याचा हिशोब घरी होतो. सलग दोन-तीन आठवडे हुकले तर तोच मोठा डोस परत सुरू करू नका, आधी फोन करा. हा डोस पायऱ्यापायऱ्यांनी वाढवलेला असतो. मला पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम होता, मग ०.५. मधे बराच खंड पडला की पोटाची सवय मोडते आणि डॉक्टर कधी खालच्या पायरीवरून परत सुरू करतात.

इंजेक्शननंतर उलटी झाली म्हणून डोस वाया गेला असं समजून परत टोचणारी माणसं मला भेटली आहेत. औषध कातडीखाली गेलेलं असतं, उलटीतून ते बाहेर येत नाही.

साधी मळमळ वेगळी आणि पोटात वरच्या बाजूला थांबता न थांबणारी, पाठीपर्यंत जाणारी जोरदार कळ वेगळी. ती स्वादुपिंडाला सूज आल्याची असू शकते. तेव्हा पुढचा डोस घ्यायचा नाही आणि फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठायचं. पाणीही पोटात राहत नसेल तरीही तसंच. आणि कसलंही ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सांगा. या औषधाने पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं.

आमच्या फ्रिजच्या दारावर आता दोन चिठ्ठ्या आहेत. माझ्या चिठ्ठीवर ‘शुक्र रात्री ८ – बुध रात्री ८ पर्यंत’, वहिनीच्या चिठ्ठीवर ‘शुक्र रात्री ८ – मंगळ रात्री ८ पर्यंत’. पुढच्या चवथीला पेनं थर्मासमधून वाळपईला येणार आहेत. थर्मास माटोळीच्या पिशवीत ठेवायचं वहिनीने कबूल केलंय, कारण ती पिशवी विसरून कोणी घराबाहेर पडत नाही.